फोर-के म्हणून आलेली क्लिप खरी फोर-के आहे का? मिरवणुकीच्या फुटेजची दरवर्षीची अडचण

अनंत चतुर्दशी उलटली की आठवड्याभरात माझ्या टेबलावर पेनड्राइव्ह जमायला लागतात. पुण्यातल्या एका ढोल-ताशा पथकाची वार्षिक फिल्म गेली काही वर्षं मी संकलित करतो. मुख्य चित्रण आमच्या दोन कॅमेऱ्यांचं असतं, पण मंडईपासून अलका चौकापर्यंत दोन कॅमेरे कुठे कुठे पुरणार? म्हणून वादकांच्या घरच्यांनी, मित्रांनी, लक्ष्मी रस्त्यावरच्या गॅलऱ्यांतून बघणाऱ्यांनी घेतलेल्या क्लिपा आम्ही मागवतो. त्यांतल्या काहींचं दुखणं दरवर्षी तेच असतं. फाइल सांगते ३८४० बाय २१६०, टाइमलाइनवर टाकली तर वरवर ठीक दिसते, आणि वादकाच्या चेहऱ्यावर जरा आत गेलो की चेहरा मेणाचा होतो.

आत जाणं हेच फोर-के मागण्याचं कारण आहे. आमची फिल्म शेवटी १९२० बाय १०८० मध्येच निघते. फोर-के क्लिप असेल तर तिचा मधला पाव भाग कापून पूर्ण पडदाभर लावता येतो आणि तरीही एका पिक्सेलला एक पिक्सेल मिळतो. गॅलरीतून घेतलेल्या लांबच्या शॉटमधून ताशावाल्याचा जवळचा शॉट असाच निघतो. पण ती क्लिप मुळात १२८० बाय ७२० ची असेल आणि कोणीतरी ती ताणून फोर-के केली असेल, तर त्या पाव भागात खरे पिक्सेल उरतात ६४० बाय ३६० एवढेच. तेवढ्यावर चेहरा उभा राहत नाही.

तेव्हा प्रश्न असा की क्लिप हातात आल्या आल्या, संकलनात तीन तास घालवायच्या आधी, हे ओळखायचं कसं. मी खाली एकच क्लिप धरून सांगतो. बेलबाग चौकातल्या एका गॅलरीतून घेतलेली, एक मिनिट दहा सेकंदांची, दिवसाउजेडीची. खालच्या कोपऱ्यात पथकाचं नाव टाकलेलं.

बिटरेट बघून मी फसलो तो असा

पहिली सवय सगळ्यांची हीच असते. व्हीएलसीमध्ये `Ctrl+J` दाबायचं किंवा टर्मिनलमध्ये हे चालवायचं:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=codec_name,width,height,avg_frame_rate,bit_rate -of default=nw=1 clip.mp4
```

उत्तर आलं: एच-२६४, ३८४० बाय २१६०, सेकंदाला ३० फ्रेम, बिटरेट ४२ मेगाबिट. फाइल साधारण ३६७ एमबी. फोनच्या एच-२६४ फोर-के क्लिपा याच्याच आसपास असतात, त्यामुळे मी ती बिनघोर 'चांगल्या' फोल्डरमध्ये टाकली. त्याच दिवशी आलेली दुसरी एक क्लिप, तेवढ्याच मापाची, पण फक्त २३ मेगाबिटची, मी संशयित म्हणून बाजूला काढली. प्रत्यक्षात उलटं होतं. दुसरी क्लिप आयफोनची होती, एच-२६५ मधली. त्या फोनच्या सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं की फोर-के ३० फ्रेमला मिनिटाला साधारण १७० एमबी लागतात. १७० ला आठने गुणून साठने भागा, पावणेतेवीस मेगाबिट येतात. म्हणजे ती अगदी ठरल्या मापाची अस्सल क्लिप होती.

बिटरेट म्हणजे डब्याचा आकार. डब्यात काय भरलंय ते त्यावरून कळत नाही. एक्सपोर्ट करताना ४२ मेगाबिट निवडले की सॉफ्टवेअर तेवढे बिट खर्च करतं, मग आतलं चित्र ७२० चं असो की त्याहून कमी. उलट कॅमेरा व्हिडिओ जुन्या एच-२६४ पद्धतीने दाबतोय की नव्या एच-२६५ ने, यावर अस्सल क्लिपचा बिटरेटही दुपटीने बदलतो. म्हणून बिटरेटचा आकडा एका बाजूनेच उपयोगी पडतो. एच-२६४ फोर-के, ३० फ्रेम आणि बिटरेट आठ-दहा मेगाबिट असेल, तर गर्दीच्या, हलत्या चित्रात फोर-केचे बारकावे त्यात टिकूच शकत नाहीत, मूळ काहीही असो. आकडा मोठा असला तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

बिटरेटकडून खरं काही काढून घ्यायचं असेल तर प्रश्न उलटा विचारावा लागतो. या फाइलला किती बिट दिलेत ते सोडा, या चित्राला किती बिट लागतात ते विचारा. त्यासाठी क्लिपचा दहा सेकंदांचा तुकडा ठरावीक दर्जावर पुन्हा दाबायचा:

```
ffmpeg -ss 10 -t 10 -i clip.mp4 -an -c:v libx264 -preset medium -crf 18 chachni.mp4
```

इथे बिटरेट आपण सांगत नाही, फक्त दर्जा सांगतो. चित्रात बारीक तपशील असतील तर फाइल फुगते, नसतील तर बारीक राहते. बेलबाग चौकातलीच आमच्या कॅमेऱ्याची दहा सेकंदं घेतली तर ९२ एमबी झाले. संशयित क्लिपचे झाले १७. चौक तोच, गर्दी तीच, उजेड तोच, आणि भूक पाचपटीने कमी. एवढ्यावरून निकाल देता येत नाही, पण संशय घ्यायला हे पुरेसं आहे. तुलना मात्र सारख्या दृश्यांचीच करा. ट्रायपॉडवरून घेतलेल्या शांत गाभाऱ्याची क्लिप उधळत्या गुलालाच्या क्लिपशेजारी ठेवली तर ती अस्सल असूनही बारीकच निघणार.

बघायचं कसं, हे आधी

पुढच्या गोष्टी डोळ्यांनी बघायच्या आहेत आणि तिथेच बहुतेकांची गडबड होते. साध्या १०८० च्या मॉनिटरवर फोर-के क्लिप पूर्ण पडदाभर लावली तर तिचे चार पिक्सेल मिळून एक दिसतो. ताणलेली आणि अस्सल, दोन्ही तिथे जवळपास सारख्याच दिसतात. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रीव्ह्यूचा दर्जा अर्ध्यावर किंवा पावावर ठेवलेला असतो, तेव्हा तर विचारूच नका. म्हणून मी एक फ्रेम चित्र म्हणून बाहेर काढतो:

```
ffmpeg -ss 12 -i clip.mp4 -frames:v 1 kshan.png
```

आणि ती `GIMP` मध्ये ४०० टक्क्यांवर उघडतो. फोटो बघायची नेहमीची ॲप मोठं करताना चित्र गुळगुळीत करून दाखवतात, त्यात खुणा पुसल्या जातात. `GIMP` मध्ये पिक्सेल चौकोनी दिसतो, मोजता येतो. फ्रेम निवडताना कॅमेरा स्थिर असलेला क्षण घ्या. पॅन चाललेला असेल तर अस्सल फोर-केसुद्धा फराटे मारल्यासारखं दिसतं.

जुन्या ठोकळ्यांची खूण

व्हिडिओ दाबताना चित्राचे चौकोनी ठोकळे पाडले जातात. एच-२६४ मध्ये सोळा बाय सोळाचा मोठा ठोकळा आणि त्याच्या आत आठचे किंवा चारचे छोटे. एच-२६५ मध्ये ते बत्तीसपर्यंत आणि चौसष्टपर्यंतही जातात. दाबणी जास्त झाली की या ठोकळ्यांच्या कडा सपाट जागी उमटतात. कडा पुसणारी चाळणी या दोन्ही पद्धतींत आहे, तरी पुसट रेघा राहतातच. पांढऱ्या कुर्त्याच्या सावलीत, गुलालाच्या धुरळ्यात, संध्याकाळच्या आभाळात त्या शोधाव्यात. लेव्हल्स वापरून कॉन्ट्रास्ट ताणला की त्या वर येतात.

आता समजा ७२० ची दाबलेली क्लिप ताणून फोर-के केली. १२८० चे ३८४० झाले, म्हणजे बरोबर तिप्पट. चित्राबरोबर ते ठोकळेही ताणले गेले. आठचा ठोकळा चोवीसचा झाला, सोळाचा अठ्ठेचाळीसचा. आणि चोवीसच्या ठोकळ्यांची सलग जाळी या दोन्ही पद्धतींत पाडली जात नाही. मी बेलबागच्या फ्रेममध्ये एका ध्वजधारी मुलीच्या कुर्त्याच्या पाठीवर कॉन्ट्रास्ट ताणला, तेव्हा दर २४ पिक्सेलवर एक पुसट उभी रेघ, अशा सलग सहा रेघा मिळाल्या. हा निकालाच्या फार जवळ जाणारा पुरावा आहे.

सलग मिळाल्या हे महत्त्वाचं. २४ पिक्सेलच्या अंतरावर दोनच रेघा सापडल्या तर ते आठच्या ठोकळ्यांचंही काम असू शकतं, कारण तीन आठे चोवीस. आठ आणि सोळावर काहीच नाही, आणि चोवीस, अठ्ठेचाळीस, बहात्तर, शहाण्णव असं नियमित येतंय, तेव्हाच ती ताणल्याची खूण. रेघ फ्रेमच्या कडेपासून कितव्या पिक्सेलवर आहे ते बघू नका, दोन रेघांमधलं अंतर बघा. कोणी क्लिप जरा सरकवली किंवा कापली असेल तर सगळी जाळी सरकते, अंतर बदलत नाही.

या पद्धतीची एक मर्यादा मनात पक्की ठेवा. १०८० ताणून फोर-के केलं तर सगळं दुप्पट होतं: आठचे सोळा, सोळाचे बत्तीस. हे आकडे मूळच्या फोर-के दाबणीतही येतात, त्यामुळे ठोकळ्यावरून काही ठरवता येत नाही. मेसेजिंग ॲपमधून फिरलेल्या ४८० च्या क्लिपांमध्ये मात्र ठोकळा साडेचारपट होऊन छत्तीसचा होतो आणि तो नुसत्या डोळ्यांनीही दिसतो.

त्याच फ्रेममध्ये रंगाची कडही बघून घ्या. आपल्या फोनच्या आणि बहुतेक कॅमेऱ्यांच्या व्हिडिओत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीच्या निम्म्या मापाने साठवलेली असते. अस्सल फोर-केमध्ये भगव्या ध्वजाच्या कडेला रंग दोनएक पिक्सेल बाहेर पाझरतो. ७२० वरून ताणलेल्यात तोच पाझर पाच-सहा पिक्सेल होतो. ध्वजाची कड आभाळावर स्पष्ट काळीपांढरी दिसते, पण भगवा तिच्या बाहेर सांडलेला. आणि कडेला लागून जी बारीक वळवळ असते, दाबणीमुळे येणारी, ती अस्सल क्लिपमध्ये कडेला चिकटून राहते. ताणलेल्यात ती कडेपासून वीस-बावीस पिक्सेलपर्यंत पसरते आणि तिचे ठिपकेही जाड दिसतात.

पायऱ्या उतरून बघणं

ठोकळे सापडले तर उत्तमच, पण चित्रात तपशील नक्की किती आहे हे वेगळं तपासावं लागतं. त्याची युक्ती अगदी साधी आहे. फ्रेम लहान करायची, परत मूळ मापाला आणायची, आणि मूळ फ्रेममधून वजा करायची. लहान केल्यामुळे जे हरवलं तेवढंच शिल्लक दिसतं. काहीच हरवलं नसेल, तर मोठ्या मापात जास्तीचं असं काही नव्हतंच.

```
ffmpeg -i kshan.png -vf "format=gray,split[a][b];[b]scale=1280:720:flags=lanczos,scale=3840:2160:flags=lanczos[c];[a][c]blend=all_mode=difference,lut=c0=val*8" farak720.png
```

शेवटचा आठचा गुणाकार फरक डोळ्यांना दिसावा म्हणून आहे. हीच आज्ञा मी तीन वेळा चालवतो: एकदा `1920:1080` घालून, एकदा `1280:720`, एकदा `960:540`. तीन चित्रं शेजारी ठेवायची.

आमच्या कॅमेऱ्याच्या फ्रेममध्ये १०८० लाच चित्र उजळलं. ढोलाच्या दोरांचे पीळ, फेट्यांची जर, समोरच्या दुकानाच्या पाटीवरच्या अक्षरांच्या कडा, सगळं काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघांनी कोरल्यासारखं. म्हणजे १०८० पेक्षा जास्तीचे तपशील त्यात खरोखर होते.

संशयित क्लिपचं १०८० चं चित्र जवळजवळ काळंकुट्ट आलं. ७२० चंही काळं, कुठेकुठे राखाडी धुरकटपणा. ५४० ला उतरलो आणि एकदम दोर दिसायला लागले, फेटे दिसायला लागले. तपशील जिथे पहिल्यांदा हरवायला लागतात, त्याच्या वरची पायरी म्हणजे क्लिपचं खरं माप. इथे ते ७२० निघालं, आणि चोवीसच्या ठोकळ्यांशी ते तंतोतंत जुळलं.

आणि एक गोष्ट मला तेव्हा अनपेक्षितपणे दिसली, आता मी तीच आधी शोधतो. १०८० च्या त्या काळ्या चित्रात खालच्या कोपऱ्यात पथकाचं नाव मात्र लख्ख चमकत होतं. शिरोरेषा, काना, वेलांटी, सगळ्यांच्या कडा धारदार. नाव फोर-केच्या टाइमलाइनवर नंतर टाकलेलं, त्यामुळे ते अस्सल फोर-के होतं. त्याच्या मागची मिरवणूक नव्हती. एकाच फ्रेममध्ये दोन वेगळी मापं असतील तर त्यातली एक गोष्ट बाहेरून आलेली असते, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

काळं चित्र म्हणजे लबाडी, असं नाही

या चाचणीवर विसंबून मी एकदा एका काकांना त्यांची क्लिप ताणलेली आहे असं फोनवर सांगितलं होतं आणि ते चुकीचं होतं. क्लिप त्यांच्या फोनमधूनच थेट आली होती. त्यांनी गॅलरीतून बोटांनी दुप्पट झूम करून चित्रण केलं होतं. फोनचा सेन्सर बारा मेगापिक्सेलचा असेल तर त्याची रुंदी साधारण चार हजार पिक्सेल असते. दुप्पट झूम म्हणजे मधले दोन हजार घ्यायचे आणि फोनने ते स्वतःच ताणून ३८४० करायचे. फाइल अस्सल, बिटरेट अस्सल, फोनच्या सगळ्या खुणा जागेवर, पण तपशील १०८० एवढाच. मी त्यांची माफी मागितली.

त्या क्लिपमध्ये जुने ठोकळे नव्हते. फोनने आधी ताणलं आणि मग पहिल्यांदाच दाबलं. ज्या क्लिपा आधी छोट्या मापात दाबल्या गेल्या आणि नंतर ताणल्या, त्यांच्यातच मोठे झालेले ठोकळे सापडतात. म्हणून मी आता दोन प्रश्न वेगळे ठेवतो. पायऱ्यांची चाचणी सांगते की तपशील किती आहे. ठोकळ्यांची खूण सांगते की ही क्लिप आधी छोटी होऊन आली आहे. पहिल्याचं उत्तर कमी आलं आणि दुसऱ्याचं होकारार्थी आलं, तरच मी पाठवणाऱ्याकडे मूळ फाइल मागतो. पहिलं कमी आणि दुसरं नकारार्थी असेल तर जे आहे तेच बहुधा मूळ, मागून जास्त काही मिळण्याची शक्यता कमी.

फोकस चुकलेला असेल, लेन्सवर बोटाचा डाग असेल, किंवा रात्री फोनने अंधारात येणारे कण काढून टाकण्याच्या नादात फेट्याची जरच पुसून टाकली असेल, तेव्हाही १०८० चं चित्र काळं येतं. रात्रीच्या क्लिपांवर तर मी १०८० च्या पायरीचा निकाल धरतच नाही. तिथे ७२० लाही काळं आलं, तरच पुढे जातो.

उलटा धोकाही आहे. कोणी ताणलेल्या चित्रावर वरून कण टाकले असतील तर वजाबाकीचं चित्र उजळतं, पण नीट बघा: ते सगळीकडे सारखं उजळतं, वाळू पसरल्यासारखं. दोर, जर, अक्षरं असे आकार त्यात दिसत नाहीत. तपशिलाला आकार असतो, कणांना नसतो.

आता नव्या प्रकारची ताणणारी सॉफ्टवेअर आली आहेत, जी शिकलेल्या नमुन्यांवरून तपशील रचतात. त्यांच्यापुढे वरच्या दोन्ही चाचण्या कमी पडतात, कारण ठोकळे ती पुसतात आणि नवे तपशील खरोखरच फोर-केच्या मापाचे काढतात. अशा क्लिपांसाठी मी दुकानांच्या पाट्या वाचतो. लक्ष्मी रस्त्यावर पाट्यांना तोटा नाही. लांबच्या पाटीवरची देवनागरी अक्षरं अस्सल क्लिपमध्ये एकतर वाचता येतात किंवा पुसट दिसतात. रचलेल्या क्लिपमध्ये ती धारदार असतात पण वाचता येत नाहीत. जोडाक्षराच्या जागी अक्षरासारखी आकृती, अनुस्वार शिरोरेषेला चिकटलेला, 'ध' आणि 'घ' यांच्यामधलं काहीतरी. मग चार फ्रेम पुढे जाऊन तीच पाटी बघा. अक्षराचा आकार बदललेला असतो. दुकानदाराने काही चार फ्रेममध्ये पाटी बदलली नाही. गर्दीतल्या मागच्या चेहऱ्यांचंही असंच होतं: डोळे लखलखीत, दात सलग पांढरी पट्टी, आणि पुढच्याच क्षणी वेगळा माणूस.

बेलबागच्या क्लिपचं पुढे काय झालं

क्लिप पाठवणारा पथकातलाच एक मुलगा होता. फोन केला तर म्हणाला, "दादा, प्रॉपर्टीजमध्ये बघा ना, फोर-केच आहे. तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलंय ना फोर-केच पाठवा म्हणून." तो खोटं बोलत नव्हता. चित्रण त्याच्या आत्याने केलं होतं, तिच्या गॅलरीतून, फोर-केमध्येच. तिने ते त्याला मेसेजिंग ॲपवरून पाठवलं आणि तिथे त्याचं ७२० झालं. त्याने एका संकलनाच्या ॲपमध्ये ते टाकलं, पथकाचं नाव लावलं, आणि आम्ही फोर-के मागितलंय म्हणून एक्सपोर्टला फोर-के निवडलं.

मी म्हटलं, "आत्याच्या फोनमध्ये अजून आहे का? असेल तर केबलने काढून आण, कुठल्याही ॲपमधून पाठवू नको." संध्याकाळी तो पेनड्राइव्ह घेऊन आला. मूळ क्लिप एच-२६५ मधली, २४ मेगाबिटची, २१० एमबीची निघाली. म्हणजे ताणलेली फाइल मुळापेक्षा दीडपटीहून मोठी होती. बाराव्या सेकंदाची तीच फ्रेम काढली, त्याच पायऱ्या उतरलो. १०८० लाच दोरांचे पीळ दिसले. आमच्या कॅमेऱ्याइतके धारदार नाहीत, पण मधला पाव भाग कापून ताशावाल्याचा शॉट निघाला आणि फिल्ममध्ये तो राहिला.

दुखण्याचं मूळ आमच्याच फॉर्ममध्ये होतं. 'फक्त फोर-के पाठवा' म्हटलं की ज्याच्याकडे फोर-के नाही तो ती करून पाठवतो, आणि त्याला त्यात काही गैर वाटायचं कारणही नाही. आता फॉर्मवर मापाचा उल्लेखच नाही. त्याजागी लिहिलंय: ज्या फोनने चित्रण केलं त्याच फोनमधली फाइल, काहीही न लावता, न कापता, केबलने किंवा ड्राइव्हवर टाकून द्या; ॲपवरूनच पाठवायची झाली तर डॉक्युमेंट म्हणून जोडा; ७२० असेल तरी चालेल. त्यानंतर ताणलेल्या क्लिपा मोजक्याच येतात, त्याही बहुतेक दुसऱ्या कोणाकडून मिळालेल्या.

मूळ फाइल पुसली गेलीये, असं उत्तर कधीकधी येतं. तेव्हा ती क्लिप मी आधी तिच्या खऱ्या मापाला, १२८० बाय ७२० ला उतरवतो आणि मगच टाइमलाइनवर घेतो. १०८० च्या फिल्ममध्ये ती दीडपटच मोठी करावी लागते आणि तेवढं ती सोसते. तिच्यात आत जात नाही, तिला धारदारही करत नाही, कारण धार लावली की पहिल्यांदा वर येतात ते तेच चोवीसचे ठोकळे.